जिल्हाधिकाऱ्यांची सही आणि शिबिराचा मांडव

‘एकदा कलेक्टरसाहेबांची सही आली की शिबिराला कोण अडवतो?’ आरोग्य शिबिर भरवणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येते. मिहानसारख्या ठिकाणी तर ते फारच महागात पडते.

समजा, नागपूरची एखादी संस्था मिहानमधल्या मोकळ्या भूखंडावर एका रविवारी तीनशे जणांची मोफत तपासणी करणार आहे. जमीन सरकारच्या प्रकल्पाची, म्हणजे ती जिल्हाधिकारीच देतील, असे संस्थेला वाटते. प्रत्यक्षात मिहानची जमीन महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या ताब्यात आहे. मांडव घालायची लेखी संमती या कंपनीकडून किंवा भूखंड ज्याला दिला असेल त्याच्याकडून घ्यावी लागते. जागा विशेष आर्थिक क्षेत्राच्या कुंपणाआत असेल, तर विकास आयुक्तांचे कार्यालयही त्यात येते. तिथे प्रवेशपत्राशिवाय आत जाता येत नाही, मग खापरी किंवा शिवणगावच्या म्हाताऱ्या माणसांना फाटकावरून परत फिरवणार का? गावकऱ्यांसाठीचे शिबिर कुंपणाबाहेरच घ्यावे, हे उत्तम.

मग जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहायचे कशाला? कारण जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या यंत्रणा एकमेकींशी जोडण्याचे काम त्यांचे कार्यालय करते. पत्रावर शेरा मारून ते जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि पोलिसांकडे अभिप्रायासाठी जाते. ध्वनिक्षेपकाची परवानगी मात्र पोलिसांकडूनच घ्यावी लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल, तर फलकावर कोणाची छायाचित्रे आहेत, हाही प्रश्न येतो. त्या काळात जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात.

म्हणूनच ‘जनहितार्थ शिबिर घेण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला उत्तर मिळायला वेळ लागतो. वाचणाऱ्या कारकुनाला त्यातून काहीच कळत नाही. चांगल्या पत्राचा गाभा असा असतो:

‘आमची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणीकृत आहे. सोबत जोडलेल्या नकाशातील जागेवर सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत अंदाजे ३०० व्यक्तींचा रक्तदाब, रक्तातील साखर व दृष्टी तपासली जाईल. कोणतीही शस्त्रक्रिया, सोनोग्राफी वा रक्तसंकलन होणार नाही. पाच नोंदणीकृत डॉक्टरांची यादी, जागेचे संमतिपत्र, जैववैद्यकीय कचरा उचलण्याची व्यवस्था आणि रुग्णवाहिकेचा तपशील सोबत जोडला आहे.’

यातला पाच हा आकडा हिशेबाने आला आहे. एका रुग्णाला पाच मिनिटे धरली, तर एक डॉक्टर तासाला बारा आणि सहा तासांत बहात्तर जणांना पाहतो. म्हणजे तीनशेंसाठी चारही अपुरे पडतात. पत्रात दोन डॉक्टर आणि हजार रुग्ण लिहिले असतील, तर कार्यालयाने शंका घेतलीच पाहिजे.

‘काय होणार नाही’ हे वाक्य मला पत्रातले सर्वांत मोलाचे वाटते. सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर काढायला गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची बंधने आहेत. रक्तसंकलन परवानाधारक रक्तपेढीच करू शकते. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने यातले काहीच शिथिल होत नाही.

‘मोफत आहे, तर नियम कशाला?’ हा दुसरा गैरसमज. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा येथे एका सेवाभावी संस्थेच्या नेत्र शिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. जंतुसंसर्गामुळे चौऱ्याऐंशी जणांचा शस्त्रक्रिया झालेला डोळा कायमचा गेला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निकाल दिला. मांडवात डोळे तपासावेत आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात करावी, हा धडा या घटनेने दिला.

साध्या साखर तपासणीतही टोचणीच्या सुया उरतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आरोग्य शिबिरांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात गोळा करून सामायिक प्रक्रिया केंद्राकडे द्याव्या लागतात. त्या ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत टाकता येत नाहीत.

तिसरा गैरसमज खास मिहानचा: ‘एम्स शेजारीच आहे, रुग्ण तिकडे पाठवू.’ नागपूरच्या एम्सचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. ती केंद्र सरकारची संस्था असल्याने जिल्हाधिकाऱ्यांना पत्राची प्रत दिली म्हणून तिथे खाटा राखून ठेवल्या जात नाहीत. तिथल्या संचालकांना वेगळे पत्र द्यावे लागते. किती रुग्ण, कोणत्या विभागाकडे आणि कोणत्या दिवशी पाठवायचे, हे आधी ठरवावे लागते. तसे न करता रक्तदाब वाढलेल्या माणसाच्या हाती पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर सहाव्या दिवशी त्याने कुठे जायचे?

आणि शेवटी, उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नका. पत्राच्या दोन प्रती घेऊन जा, एकीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या आणि त्या क्रमांकाने पाठपुरावा करा. लेखी अभिप्राय हाती येईपर्यंत शिबिराची पत्रके छापायला देऊ नका.