काळ्या मातीचे दोन आकडे

विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीवर बांधकाम करण्यापूर्वी तिच्या दोन मर्यादा तपासतात. बारीक चाळलेली माती पाण्यात कालवून कॅसाग्रांडेच्या पितळी वाटीत थापतात आणि मधोमध खाच पाडतात. वाटीच्या २५ ठोक्यांत खाच तळाशी १२ मिलिमीटर लांब मिटली, की मातीतले तेवढे पाणी म्हणजे लिक्विड लिमिट. प्लास्टिक लिमिटला हाताची सवय लागते: काचेवर वळलेली वळी बरोबर ३ मिलिमीटर जाडीला तुटू लागली पाहिजे. जाड असतानाच तुटली तर पाणी कमी.

समजा, उत्तरे ७० आणि ३० टक्के आली. मधले ४० टक्क्यांचे अंतर बरेच मोठे. अशी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तिरके तडे जातात. फुगण्याचा दाब मात्र स्वतंत्र चाचणीनेच मोजावा लागतो.