ताटात काय नको, आणि का नको

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांपासून आपला समाज वाढला, असे कोकणातले बेने इस्रायल लोक मानतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुटी यांमुळे गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या लोकांना पुढे आपल्या धर्मातल्या पुष्कळ गोष्टींचा विसर पडला होता. त्यांच्या परंपरेतली गोष्ट अशी : डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. त्याने इथल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले. हे आपलेच लोक आहेत, अशी रहाबीची त्यावरून खात्री पटली.

रहाबी नेमका कोणत्या काळातला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ज्या नियमावर ही गोष्ट उभी आहे तो स्पष्ट आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथानुसार ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत, तोच खायचा. म्हणून पापलेट आणि रावस चालतात. शिंगाळा, कोळंबी, खेकडे, कालवे चालत नाहीत. जनावरांसाठीही अशाच दोन खुणा आहेत : खूर दुभंगलेला हवा आणि ते रवंथ करणारे हवे. गाय, शेळी, मेंढी दोन्ही अटींत बसतात. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण ते रवंथ करत नाही, म्हणून ते वर्ज्य.

खुणा सांगितल्या, पण याच खुणा का, हे ग्रंथ सांगत नाही. तुम्ही पवित्र राहा, एवढेच तिथे म्हटले आहे. रक्ताच्या बाबतीत मात्र कारण दिले आहे : प्राण्याचा जीव रक्तात असतो, म्हणून रक्त खायचे नाही. पाळायला हा नियम सोपा नाही. मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचे, मग सगळ्या बाजूंनी मीठ लावून तासभर निथळत ठेवायचे आणि शेवटी तीनदा धुवायचे. काळजात रक्त इतके असते की त्याला मीठही पुरत नाही. ते थेट आचेवर भाजावे लागते.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा ग्रंथात तीनदा येते. तिच्यावरून मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम निघाला. कडक पाळणाऱ्या घरांत दोन्हींची भांडी वेगळी असतात, आणि मांस खाल्ल्यावर काही तास दुधाला कोणी शिवत नाही. बेने इस्रायलांचे कोकणात फारसे अडले नाही, कारण मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध घालता येते.

कारण दिलेले नसले की माणसे ते शोधतात. बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीज हा कैरोतला नामांकित वैद्य होता. डुक्कर घाणीत राहते आणि घाण खाते, हे त्याने मुख्य कारण सांगितले. पंधराव्या शतकातल्या इसाक अबार्बानेल या भाष्यकाराला अशी वैद्यकी कारणे मुळीच पटली नाहीत. धर्मग्रंथ म्हणजे वैद्यकाचे पुस्तक नव्हे, असा त्याचा आक्षेप होता. एकोणिसाव्या शतकात डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाला होणारा कृमीचा आजार डॉक्टरांना कळला, तेव्हा आरोग्याच्या कारणाने पुन्हा जोर धरला. पण ते कारण सगळीकडे लागू पडत नाही. उंट आणि ससाही वर्ज्य आहेत, आणि त्यांच्या मांसाने तसा काही धोका होत नाही. उलट विषारी वनस्पतींवर ग्रंथात बंदीच नाही.

विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञांनी वेगळी उत्तरे दिली. मेरी डग्लस यांनी 1966 साली मांडले की, ज्या प्राण्याला ठरलेल्या वर्गात नीट बसवता येत नाही तो अशुद्ध ठरला. पाण्यात राहूनही ज्याला पर-खवले नाहीत, तो त्यातलाच. मार्विन हॅरिस यांनी हवामानाकडे बोट दाखवले. डुकराला सावली आणि पाणी लागते, ते गवतावर जगत नाही आणि दूधही देत नाही. कोरड्या मुलखात ते पाळणे परवडणारे नव्हते. दोन्ही विचार उद्बोधक आहेत. पण श्रद्धाळू ज्यू ही बंदी पाळतो ती आज्ञा म्हणून. तिचे कारण सापडले नाही तरी त्याचे अडत नाही.

जैन धर्मात याच्या उलट आहे. तिथे तत्त्व आधी ठरलेले आहे आणि बंदी त्यातून निघते. शक्य तितक्या कमी जिवांची हिंसा व्हावी, हे ते तत्त्व. फांदीवरचे फळ तोडले तर झाड जगते; कंद उपटला तर अख्खे रोप मरते आणि मातीतले जीवही मरतात. त्याहून मोठे कारण म्हणजे कंदमुळे 'अनंतकाय' मानली जातात, म्हणजे एका देहात अनंत जीव. म्हणून कांदा, लसूण, मुळा, गाजर वर्ज्य. ओले आले न खाणाऱ्या बऱ्याच घरांत सुंठ आणि हळदपूड मात्र चालते, कारण वाळलेल्या कंदात आता जीव उरलेला नाही, असे मानतात. बटाटा पोर्तुगीजांबरोबर भारतात आला, तेव्हा ही तत्त्वे कित्येक शतके जुनी झाली होती. तरी त्याचा निर्णय अवघड गेला नाही : तो जमिनीखाली वाढणारा कंद, म्हणून वर्ज्य. मुंबईत जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी पडतात ती यामुळेच.

इस्लाममधली दारूबंदी तिसऱ्या प्रकारची आहे. ती कुराणात टप्प्याटप्प्याने आली. दारूत काही फायदा असला तरी पाप त्याहून मोठे आहे, असे एका ठिकाणी म्हटले आहे. नशेत नमाजाला उभे राहू नका, असे दुसरीकडे. शेवटी पूर्ण बंदी आली आणि कारणही तिथेच सांगितले : दारूने माणसांत वैर माजते, आणि ईश्वराचे स्मरण व नमाज सुटतात.

कारण सांगितलेले असले की नव्या पदार्थाचा निवाडा करता येतो. 1511 साली मक्केतला अधिकारी खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली. रात्री जमून कॉफी पिणाऱ्यांचे घोळके त्याला खटकले होते आणि कॉफीने नशा येते, असाही दावा झाला. कैरोच्या दरबाराने ती बंदी उचलून धरली नाही. वाद पुढेही होत राहिले, पण कॉफीने शुद्ध हरपत नाही हा मुद्दा टिकला आणि मुस्लिम जगात कॉफी रुजली. द्राक्षाच्या दारूचा आपोआप सिरका झाला तर तो हलाल, कारण त्यात नशा उरत नाही. प्राण वाचवण्यासाठी दुसरे काहीच मिळत नसेल, तर डुकराचे मांस खाण्याचीही मुभा कुराण देते. तशीच मुभा ज्यू धर्मशास्त्रातही आहे.

म्हणून वेगळ्या धर्माचा पाहुणा जेवायला येणार असेल, तर यजमानाने 'शाकाहारी की मांसाहारी' एवढ्यावर थांबू नये. कांद्याची आमटी ज्यू पाहुण्याला चालेल, जैन पाहुण्याला नाही. कोळंबीचे कालवण दोघांनाही नाही. काय वर्ज्य आहे आणि कशामुळे, हे पाहुण्यालाच आधी विचारून घ्यावे.