जाहिरातीत ३४०, खिशातून ४८८

जर्मनीत शिकायला गेलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या मेसमधल्या फलकावर चिकटवलेल्या जाहिरातीचा फोटो काढतो आणि घरी पाठवतो. घरचे त्यातला मोठा आकडा पाहतात, त्याला रुपयांनी गुणतात आणि परवडेल असे ठरवतात. पण तिथे पूर्ण शब्दांत लिहिलेले फारसे काही नसते. नमुन्यादाखल अशी एक जाहिरात घेऊ :

```
1-Zi.-Whg., 24 m², EBK, teilmöbl.
KM 340 € + NK 90 €, zzgl. Strom
Kaution 3 MM, ab 1.10.
```

पहिल्या ओळीतल्या Zi. म्हणजे खोल्या. या मोजणीत स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. म्हणजे इथे झोपायला, बसायला आणि अभ्यासाला मिळून एकच खोली आहे. आपला वन बीएचके हवा असेल, तर दोन खोल्यांची जाहिरात शोधावी लागते.

पैशांचा खरा खेळ दुसऱ्या ओळीत आहे. KM म्हणजे काल्टमीटे, शब्दशः थंड भाडे. हे फक्त जागेचे. NK म्हणजे नेबेनकोस्टेन, जोडखर्च : पाणी, कचरा, जिन्याची सफाई, आणि बहुतेक वेळा हीटिंगही. दोन्ही मिळून होते वार्ममीटे, जाहिरातीत WM. इथे ते ४३० युरो. काही जाहिरातींत HK, म्हणजे हीटिंगचा खर्च, वेगळा लिहितात. तसे असेल तर तो मिळवल्याशिवाय दोन घरांची तुलना करू नये. शेवटचे zzgl. Strom सांगते की वीज याहून वेगळी, तिचा करार भाडेकरूनेच करायचा. विजेचे महिना ४० युरो धरू. शिवाय सरकारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ३४० चे झाले ४८८ युरो, इंटरनेट सोडून.

त्यातही ९० हा आकडा पक्का नाही, ती उचल आहे. वर्षअखेरीला घरमालक प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब मांडतो. वर्षाचे १०८० युरो भरले आणि तुमच्या वाट्याचा खर्च १३२० निघाला, तर २४० युरो एकदम भरावे लागतात. खर्च कमी झाला तर पैसे परत मिळतात. मुद्दाम आकडा कमी दाखवून घर स्वस्त भासवलेले असू शकते. म्हणून आधीच्या भाडेकरूचा वर्षाचा हिशेब मागून पाहावा. जोडखर्चापुढे Pauschale असे लिहिले असेल, तर रक्कम ठोक असते आणि मागाहून हिशेब निघत नाही.

Kaution म्हणजे अनामत, आणि 3 MM म्हणजे तीन महिन्यांचे भाडे. पण कोणते भाडे? विद्यार्थी ४३० ची तिप्पट करून १२९० ची जुळवाजुळव करतो. जर्मन कायद्यानुसार मात्र अनामत थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, म्हणजे इथे जास्तीत जास्त १०२० युरो. तीही तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. म्हणजे पहिल्या महिन्यात ४३० अधिक ३४०, असे ७७० युरो हाताशी हवेत. घर दाखवण्याआधीच कोणी अनामत मागत असेल आणि ‘मी परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो’ असे सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी.

आता उरले सामान. EBK म्हणजे ओटा, सिंक, शेगडी, बहुधा फ्रीजही असलेले जोडून दिलेले स्वयंपाकघर. ही तीन अक्षरे नसतील, तर स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि नळाच्या जोडण्या मिळू शकतात, कारण तिथे अनेक भाडेकरू स्वयंपाकघर स्वतःचे आणतात आणि जाताना घेऊन जातात. ते मागे ठेवायचे असेल तर नव्या भाडेकरूकडून त्याची किंमत घेतात. तिला आब्ल्योझे म्हणतात. möbl. म्हणजे सामानासह. आपल्या जाहिरातीतले teilmöbl., अर्धे सामान, सगळ्यांत संदिग्ध : पलंग असेल पण गादी नसेल, कपाट असेल पण छताला दिव्याऐवजी लोंबत्या वायरी असतील. म्हणून वस्तूंची यादी करारातच लिहून घ्यावी आणि चावी घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढावा. घर सोडताना अनामतीतून काय कापायचे, हा वाद त्या फोटोंवरच मिटतो.

घर सोडले की सगळी अनामत लगेच हातात येईलच असे नाही. शेवटच्या वर्षाचा जोडखर्च निघायचा असेल, तर त्यासाठी मालक काही वाजवी रक्कम अडकवून ठेवू शकतो, आणि तो हिशेब द्यायला त्याला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून १२ महिने मिळतात. तेव्हा शिक्षण संपवून परतताना मालकाला नवा पत्ता द्यावा आणि तिथले बँक खाते घाईने बंद करू नये.