विटांच्या भिंतीवरील निऑनची किटली

फ्रेंच अभियंता जॉर्ज क्लोद याने १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात निऑन वायूने भरलेल्या प्रकाशनळ्या लोकांसमोर मांडल्या. त्यांचा तांबूस नारिंगी प्रकाश पुढे जगभरच्या दुकानांच्या पाट्यांवर झळकला. आज अशा पाटीचे चित्र एखाद्या छायाचित्रावरून संगणकाच्या पडद्यावर तयार करता येते. मात्र ते खरे भासावयाचे असेल, तर काढणाऱ्याने काच वाकविणाऱ्या कारागिराची बंधने आपखुशीने पाळली पाहिजेत.

ही बंधने फार नाहीत. नळीची जाडी आरंभापासून शेवटपर्यंत सारखी असते. तापवून वाकविलेल्या काचेला टोकदार कोपरा येत नाही. आणि नळीला झाडासारखा फाटा फुटत नाही. दोन रेषा मिळाव्यात असे जेथे वाटते, तेथे एक नळी दुसरीच्या जवळ येऊन थांबते. नवशिक्याच्या चित्रात बहुधा याच ठिकाणी चूक होते.

उदाहरणादाखल, बाजूने टिपलेले चहाच्या किटलीचे छायाचित्र घेऊ. त्यातील चकाकी, पोचे, छाया हे सारे सोडून द्यावयाचे. किटलीचे पोट आणि तोटी मिळून एक सलग नळी, झाकण व त्यावरील बोंडी यांची दुसरी, आणि मुठीची तिसरी, एवढ्याने किटली ओळखू येते. जिम्प या विनामूल्य प्रणालीत छायाचित्राचा थर अर्धपारदर्शक करून भिंतीच्या चित्रावर ठेवावा व `Paths` या साधनाने या तीन रेषा गिरवाव्यात. टिंबे जितकी कमी, तितके वळण काचेसारखे गुळगुळीत होते. गिरवून झाले की छायाचित्राचा थर लपवून टाकावा.

रेषा किती जाड असावी, हे भिंतच सांगते. भारतीय मानकानुसार विटेची उंची ९० मिलिमीटर असते आणि चुन्या-सिमेंटच्या दर्जेसह एक थर १०० मिलिमीटरचा होतो. पाटीची नळी साधारणतः १२ मिलिमीटर जाडीची धरली, तर ती थराच्या आठव्या हिश्शाएवढी भरते. चित्रात विटांचा एक थर ८० पिक्सेल उंच असेल, तर नळी १० पिक्सेलची हवी. ती २५ पिक्सेलची काढली, तर पाहणाऱ्यास कारण उमगत नाही, पण भिंत खेळण्यातली वाटू लागते.

आता `Stroke Path` या आज्ञेने त्याच मार्गावर, निरनिराळ्या थरांत, रेषा उमटवावयाची. प्रथम १० पिक्सेलची नारिंगी रेषा, टोके गोल ठेवून. तिच्यावर ४ पिक्सेलची जवळजवळ पांढरी. पेटलेली नळी छायाचित्रात मध्यभागी पांढरी पडते, कारण तेथील प्रकाश कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो, आणि खरा रंग कडेलाच उरतो. नारिंगी रेषेची एक प्रत `Gaussian Blur` ने ८ पिक्सेल विरवून `Addition` पद्धतीने ठेवली, की नळीभोवतीचे तेज तयार होते.

बरेच जण येथेच थांबतात किंवा हेच तेज अधिकाधिक पसरवीत राहतात. मग विटांवर आणि दर्जांवर सारखेच धुके दिसते. तो प्रकाश न वाटता धूर वाटतो. भिंत स्वतः उजळत नाही, ती पडलेला प्रकाश परतविते. म्हणून भिंतीच्या दोन प्रती कराव्यात. खालची खूप काळवंडून टाकावी. वरची मूळच्या उजेडातच ठेवून तिच्यावर नारिंगी रंग `Multiply` पद्धतीने चढवावा व तो तिच्यात मिळवून टाकावा. मग या प्रतीला `Layer Mask` जोडावा. या मुखवट्यात काळ्या पार्श्वभूमीवर तोच मार्ग ६० पिक्सेल जाडीच्या पांढऱ्या रेषेने उमटवून ४० पिक्सेल विरवावा. आता नळीमागे विटांचा खडबडीतपणा उजळतो, खोल दर्जा काळ्याच राहतात, आणि किटलीपासून दूर जाता जाता भिंत अंधारात विरते.

भिंतीचे छायाचित्र ढगाळ दिवशी घेतलेले बरे. उन्हात घेतले, तर प्रत्येक विटेखाली सूर्याची सावली उरते, आणि किटलीचा प्रकाश खालून येत असतानाही ती सावली खालीच पडलेली दिसते.

निळ्या नळीची गोष्ट निराळी. तो रंग निऑनचा नसून आर्गॉन आणि पाऱ्याच्या वाफेचा असतो. लाल वीट निळा प्रकाश फारच थोडा परतविते. त्यामुळे `Multiply` ने रंग चढविताच भिंत मंद, जांभळट काळी होते. ती तशीच राहू द्यावी. निळी किटली लाल विटांवर प्रत्यक्षातही नारिंगीइतकी भिंत उजळीत नाही.