धुक्यातली उतरण आणि डाळीचा हिशोब : संगणक 'शिकतो' म्हणजे नेमकं काय करतो?

खटकचिंचोळी : बीदरच्या पठाराच्या कडेवरून मांजरा नदीकडे उतरायचंय आणि दाट धुकं पडलंय असं समजा. नदी दिसत नाही, वाटही दिसत नाही. पण पायाखालची जमीन कुठल्या बाजूला कलली आहे, एवढं पावलाला कळतं. त्या बाजूला एक पाऊल टाकायचं, पुन्हा चाचपायचं, पुन्हा पाऊल. संगणकाचं मॉडेल शिकवायची 'ग्रेडियंट डिसेंट' ही पद्धत अशीच चालते. फ्रेंच गणिती कोशी यांनी ती १८४७ मध्ये ग्रहगोलांच्या कक्षा काढण्यासाठी मांडली होती.

आपल्या भागातला हिशोब घेऊ. आकडे सोपे व्हावेत म्हणून मानलेले आहेत. एक क्विंटल तुरीची ७० किलो डाळ झाली, दोन क्विंटलची १४०. संगणकाला हा उतारा माहीत नाही. तो अंदाजाने सुरू करतो : क्विंटलमागे ५० किलो. पहिल्या मालात २० किलोची चूक, दुसऱ्यात ४० ची. उणे-अधिक एकमेकांना खाऊ नये म्हणून चुकांचे वर्ग करून बेरीज धरतात : ४०० अधिक १६००, म्हणजे २०००.

आता पाय चाचपायचा. ५० चे ५१ केले तर चूक १८०५ वर येते. म्हणजे एक किलो वाढवला की चूक सुमारे २०० ने उतरते. नेमका उतार गणिताने २०० च येतो. मग पाऊल किती टाकायचं? उताराला एका छोट्या आकड्याने गुणतात. तो ०.०५ धरला तर पाऊल १० किलोचं, अंदाज ६० वर, चूक ५००. तिथं उतार १०० चा, म्हणून पुढचं पाऊल ५ चं. अंदाज ६५, चूक १२५. पुढे ६७.५. तळ जवळ आला की उतार कमी होतो, पाऊल आपोआप आखूड पडतं.

गडबड होते ती त्या छोट्या आकड्यात. तोच ०.२५ घेतला तर पहिलंच पाऊल ५० किलोचं. अंदाज थेट १०० वर, चूक ४५००! तिथून उलट फिरून २५ वर, चूक १०,१२५. दरी ओलांडून समोरच्या चढावर, पुन्हा इकडे, दरवेळी अधिक उंच. चूक फेरीगणिक वाढत असेल तर पाऊल मोठं झालं हे ओळखावं. उलट आकडा फारच लहान घेतला तर चूक कमी होते खरी, पण मुंगीच्या चालीने.

आता कॉमर्सवाला विचारणार, ७० तर साध्या भागाकाराने निघतात, मग एवढी पायपीट कशाला? रास्त आहे. एक आकडा असेल तर गरज नाही. पण भाषांतर करणाऱ्या किंवा फोटो ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये असे कोट्यवधी आकडे असतात, आणि त्यांचं थेट उत्तर देणारं सूत्र नाही. तिथं प्रत्येक आकड्याचा उतार काढून सगळे एकदम जरा-जरा हलवतात.

आपल्या डाळीच्या हिशोबात खोलगट एकच आहे. मोठ्या मॉडेलमध्ये खळगे, सपाट पठारं पुष्कळ. सपाटीवर पावलाला कल लागत नाही, चूक एका आकड्यावर अडून बसते. तो नदीचा काठ आहे की वाटेतला खळगा, हे धुक्यात उभ्या माणसाला नुसत्या पायाने सांगता येत नाही. म्हणून बरेचदा वेगळ्या ठिकाणाहून पुन्हा उतरून पाहतात.