डिशवॉशरमध्ये साबण किती? टॅब्लेट, पावडर की लिक्विड

तर मंडळी, मघाशी एका ताईंनी पांढरट पडलेला काचेचा पेला दाखवला. त्या म्हणाल्या, "पाणी जड आहे म्हणून मी साबण वाढवत गेले, तरी डाग वाढलेच." इथूनच सुरुवात करू.

पेल्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा आणि पुसा. डाग गेला तर तो क्षार, म्हणजे पाण्यातला चुना. नाही गेला, तर काचच झिजलीय. मऊ पाणी, जास्त साबण आणि खूप गरम वॉश एकत्र आले की काच अशी झिजते, आणि ती पुन्हा चकचकीत होत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, उपाय मात्र उलटे!

त्यांच्या सोसायटीत बोअरवेलचं पाणी येतं. चाचणीच्या पट्टीवर जडपणा 350 पीपीएम दिसला. मशीनची सेटिंग बहुधा जर्मन अंशांत असते, तेव्हा 350 भागिले 17.8, म्हणजे साधारण 20 अंश. मशीनमधला सॉफ्टनर 20 वर लावायचा आणि डिशवॉशरचं खास मीठ भरायचं, स्वयंपाकातलं नाही. ताईंचं मीठ संपलेलं होतं आणि सेटिंग कारखान्यातून आली तशीच होती. त्यांच्या पेल्यावरचा डाग व्हिनेगरने गेला. म्हणजे दोष साबणाचा नव्हताच.

सॉफ्टनर नीट चालला की भांड्यांवर मऊ पाणीच येतं. मग जडपणासाठी साबण वाढवायची गरज उरत नाही, मात्रा ठरते ती भांडी आणि तेलकटपणा बघून. इथे मला पावडर आवडते. अर्धी, साधी भांडी असतील तर सपाट मोठा चमचा, सुमारे 15 ग्रॅम. मशीन भरलेलं आणि कढया तेलकट असतील तर 25 ग्रॅमपर्यंत. डब्यावरची मात्रा वेगळी असेल तर तीच धरा.

टॅब्लेट सोयीची, पण अर्ध्या भांड्यांनाही ती अख्खीच जाते. तोडू नका, थरांमधले घटक वेगवेगळे असतात. अर्ध्या तासाच्या वॉशमध्ये ती कधी पुरती विरघळत नाही, कप्प्यात लगदा राहिला की समजावं. 'ऑल-इन-वन' टॅब्लेट साधारण 21 अंशांपर्यंत मिठाशिवाय चालते असं डब्यावर लिहितात, पण ताईंचे 20 अंश त्या काठावरच आहेत, तेव्हा मीठ घालाच.

लिक्विड पटकन विरघळतं, छोट्या वॉशला बरं. त्यात बहुधा ब्लीच नसतं, कारण द्रव्यात ब्लीच आणि एन्झाइम एकत्र टिकत नाहीत. म्हणून चहाच्या कपातली तपकिरी कड राहते, ती पावडरने निघते.

आता ताईंनी मीठ भरून, 25 ग्रॅम पावडर घालून दोन वॉश करावेत, मग तोच पेला उजेडात धरून बघावा. पांढरेपणा पुन्हा आला तर सेटिंग एक पायरी वर न्यावी.