झडप एकीकडे, आवाज दुसरीकडे

डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप चार-पाच ठिकाणी टेकवतात, तेव्हा ते एकेका झडपेच्या नेमक्या वर कान लावत असतील असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. हृदयाच्या चारही झडपा छातीच्या मधल्या हाडाच्या, म्हणजे उरोस्थीच्या, मागे दाटीवाटीनं बसलेल्या असतात. डावीकडच्या तिसऱ्या बरगडीच्या टोकापासून खाली उजवीकडे तिरकी रेघ ओढली, तर पल्मोनरी, एओर्टिक, मायट्रल आणि ट्रायकस्पिड अशा चौघी त्या रेघेवर येतात. ही सगळी जागा आपल्या एका तळहाताखाली झाकली जाईल. मात्र त्यांचे आवाज ऐकण्याच्या जागा छातीभर पसरलेल्या आहेत. एओर्टिक झडप उरोस्थीच्या डाव्या अर्ध्या भागामागे असते, पण तिचा आवाज ऐकतात उजवीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधल्या फटीत. मायट्रल झडप चौथ्या बरगडीच्या पातळीवर उरोस्थीमागे असते आणि तिच्यासाठी स्टेथोस्कोप जातो तिथून सहा-सात सेंटिमीटर डावीकडे, हृदयाच्या टोकावर.

याचं कारण साधं आहे. हाडाखाली एकमेकींना खेटून बसलेल्या चार झडपांचे आवाज तिथेच ऐकले, तर ते एकमेकांत मिसळून जातात. शिवाय रक्त ज्या दिशेला वाहतं, त्या दिशेला आवाजही जातो. विहिरीवरचा पंप एकीकडे असतो आणि पाण्याची खळखळ ऐकू येते ती पाईपच्या दुसऱ्या टोकाला, तसंच काहीसं. एओर्टिक झडपेतून सुटलेलं रक्त महाधमनीत वर आणि उजवीकडे चढतं आणि ती धमनी उजव्या दुसऱ्या फटीपाशी छातीच्या भिंतीच्या सर्वांत जवळ येते. मायट्रलमधून उतरणारं रक्त हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, टोकाच्या दिशेनं जातं. समोरून पाहिलं तर हृदयाचा बहुतेक दर्शनी भाग उजव्या कप्प्यांनी व्यापलेला असतो. डावा कप्पा छातीच्या भिंतीला भिडतो तो टोकापाशी. म्हणून मायट्रलचं ऐकायचं तर आधी ते टोक सापडायला हवं.

हे टोक दर ठोक्याला छातीच्या भिंतीवर आतून आपटतं. त्यालाच एपेक्स बीट म्हणतात. हृदय रक्तानं फुगताना छातीवर आदळतं, असं पूर्वी मानत. विल्यम हार्वेनं १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात ते उलटं करून दाखवलं. हृदय आकुंचन पावतं तेव्हा ते कडक होतं, किंचित पिळवटतं आणि त्याचं टोक पुढे येऊन भिंतीला लागतं.

ते शोधायचं कसं? बरगड्या वरून मोजायला जाल तर पहिल्याच पायरीला अडाल, कारण पहिली बरगडी कॉलरबोनच्या आड दडलेली असते आणि बोटाला नीट लागत नाही. म्हणून मोजणी सुरू करायची जागा वेगळी आहे. गळ्याच्या तळाशी, दोन कॉलरबोनच्या मधोमध जो खळगा आहे, तिथे बोट ठेवा आणि हाडावरून सरळ खाली सरकवा. सुमारे पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. उरोस्थीचे वरचे दोन भाग इथे जुळतात. दुसरी बरगडी नेमकी याच उंचवट्याला येऊन मिळते, म्हणून डॉक्टरांची सगळी मोजणी इथून चालू होते. उंचवट्यावरून बोट डावीकडे घेतलं की दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून खाली मोजत जायचं, पण थोडं बाहेरच्या बाजूला सरकत, कारण उरोस्थीलगत खालच्या बरगड्यांची टोकं एकमेकांजवळ येतात आणि फटी चुकतात.

निरोगी मोठ्या माणसात हृदयाचं टोक सहसा डाव्या पाचव्या फटीत मिळतं. डाव्या कॉलरबोनच्या मध्यातून खाली उभी रेघ कल्पिली, तर ते त्या रेघेवर किंवा किंचित आत असतं, छातीच्या मध्यापासून साधारण नऊ सेंटिमीटरवर. आधी तळहात ठेवून ठोका कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा, मग एका बोटाचं टोक लावायचं. जिथे बोट स्पष्ट उचललं जातं अशी सर्वांत खालची आणि सर्वांत बाहेरची जागा म्हणजे एपेक्स बीट. निरोगी माणसात तो एखाद्या नाण्याएवढ्या जागेत मावतो. स्तनाग्राची खूण धरू नये. लहान मुलात आणि पुरुषात ती कामी येईल असं वाटतं, पण तिथेही ती पक्की नाही आणि बाईच्या बाबतीत तर तिला काहीच अर्थ नाही.

पाठीवर झोपलेल्या कित्येक निरोगी माणसांत हा ठोका हाताला लागतच नाही. तो बरगडीआड असतो, किंवा चरबीच्या जाड थराखाली, किंवा फुगलेल्या फुफ्फुसाखाली. डाव्या कुशीवर वळवलं की तो बहुधा सापडतो, पण कुशीवर हृदय बाहेरच्या बाजूला सरकतं, तेव्हा त्या स्थितीत जागा मोजून उपयोग नाही. तिथे ठोक्याचा स्वभाव पाहायचा. आणि ठोका खाली-बाहेर सरकलेला दिसला म्हणजे हृदय वाढलंच, असंही नाही. उजव्या छातीत पाणी साचलं तर तेही हृदयाला डावीकडे ढकलतं. म्हणून अनुभवी डॉक्टर ठोक्याबरोबर गळ्याच्या खळग्यात श्वासनलिका मधोमध आहे का, तेही बोटानं पाहतात. डाव्या बाजूला काहीच लागलं नाही तर उजवीकडे हात लावून बघायचा. क्वचित एखाद्याचं हृदय जन्मतःच उजव्या बाजूला असतं.

हे सगळं एका रुग्णात कसं जुळून येतं ते पाहू. समजा, चोवीस वर्षांची बाई सहाव्या महिन्यात तपासणीला आली आहे. जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं पडलं की खोकला येतो आणि उठून बसावं लागतं. घरातल्या बायका सांगतात, पोट वाढलं की असं होतंच. लहानपणी तिला ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते, एवढं तिला आठवतं.

तपासताना तिचा एपेक्स बीट चौथ्या फटीत लागतो, रेघेच्या जरा बाहेर. यावरून काही ठरवता येत नाही, कारण वाढत्या गर्भाशयानं श्वासपटल वर उचललं जातं आणि हृदय आडवं होतं. गरोदरपणात ही जागा अशीच सरकते. पण बोटाला जे जाणवतं ते वेगळं आहे. ठोका बोट सावकाश उचलत नाही, तो आतून टिचकी मारल्यासारखा लागतो. डाव्या दुसऱ्या-तिसऱ्या फटीत ऐकलं तर ठोक्याबरोबर एक छोटा फुसफुस आवाज येतो. गरोदरपणात रक्त वाढलेलं असतं, त्यामुळे असा आवाज पुष्कळ निरोगी बायकांत मिळतो. इथेच थांबलं तर सगळं ठीक आहे असं वाटेल.

आता तिला डाव्या कुशीवर वळवायचं आणि एपेक्स बीट पुन्हा बोटानं शोधायचा. स्टेथोस्कोपची घंटेसारखी लहान बाजू, जिला बेल म्हणतात, ती बरोबर त्या जागी अलगद टेकवायची. बेल दाबली की खालची कातडी ताणली जाते आणि खोल, घोगरे आवाज गाळले जातात, म्हणून हात हलका हवा. दुसऱ्या हाताचं बोट गळ्याच्या नाडीवर. जो आवाज नाडीबरोबर येतो तो पहिला. तो इथे नेहमीपेक्षा मोठा आहे. दुसऱ्या आवाजानंतर, म्हणजे हृदय भरण्याच्या वेळात, जिथे शांतता हवी तिथे एक खोल घरघर ऐकू येते. बेल दोन बोटं इकडेतिकडे सरकली की ती नाहीशी होते.

ही मायट्रल झडप अरुंद झाल्याची खूण. मोठ्या माणसात या झडपेची वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक फीवरमध्ये तिची पानं सुजून पुढे एकमेकांना चिकटतात. वाट दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली आली की आजार तीव्र धरतात. एरवी अशी बाई निभावून नेते. गरोदरपणात मात्र रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत वाढतं, नाडी जलद होते आणि अरुंद वाटेतून जास्त रक्त कमी वेळात उतरायला हवं असतं. ते मागे फुफ्फुसात तुंबतं. तिचा रात्रीचा खोकला तिथून येतो. ठोक्याबरोबरचा सौम्य आवाज गरोदरपणात निरुपद्रवी असू शकतो. दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत येणारा आवाज कधीही निरुपद्रवी मानायचा नाही, त्याला इको करून पाहणं भागच आहे.

म्हणून जागांची नावं आंधळेपणानं धरू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. 'मायट्रलची जागा' म्हणजे तिथे ऐकू आलेलं सगळं मायट्रलचंच, असं नाही. वृद्ध माणसात एओर्टिक झडप कडक होऊन अरुंद झाली की तिचा खरखरीत आवाज उजव्या दुसऱ्या फटीत आणि गळ्याकडे जातो, पण त्यातला बारीक, सुरेल भाग कधी टोकापाशीच मोठा ऐकू येतो आणि मायट्रल गळते आहे असा भास होतो. खूण योग्य जागी पोचवते. पुढचा निर्णय आवाजाची वेळ, त्याची जात आणि तो कुठे पसरतो यावर होतो, आणि पक्का होतो इकोमध्ये.

आपल्याकडे बाईची छाती पदरावरून, ब्लाउजवरून तपासण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामागे संकोच आहे, दवाखान्यातली गर्दी आहे, आडोसा नसणं आहे. पण कापडाच्या घासण्यात वर सांगितलेली घरघर बुडून जाते, आणि तिची जागा बहुतेक बायकांत स्तनाच्या खालच्या घडीपाशी असते. स्तन थोडा वर उचलल्याशिवाय तिथे बेल टेकतच नाही. तेव्हा गरोदर बाईला आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर तिच्या घरच्यांना माझी विनंती आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सोबत बाईमाणूस उभं राहू द्या, पडदा ओढून घ्या, आणि डाव्या कुशीवर वळवून, कातडीवर स्टेथोस्कोप लावून तपासा, असं स्पष्ट म्हणा.